मागच्या वेळचं तेल: १८० अंशांवरच धूर

नीलिमा: मंडळी, शनिवारी पुन्हा तळण आहे. मागचं तेल गाळून डब्यात ठेवलंय. काल तापवून पाहिलं तर १८० लाच निळसर धूर निघाला, डोळे चुरचुरले, सगळ्यांना ठसका लागला. डब्यावर तर २३० लिहिलंय! खजिनदार म्हणतात, निम्मं नवं घालून चालवा. चालेल?

श्रीकांत: तेल तेच तर आकडा तोच. तुमचा थर्मामीटर बिघडलाय.

नीलिमा: उकळत्या पाण्यात धरून पाहिला, बरोबर १०० दाखवतो.

सुजाता: आमच्याकडे ओलं काही कढईत टाकलं की ढगासारखा धूर होतो. त्याचं काय करायचं?

वसंतकाका: सुजाता, ती वाफ. पण ओलाव्याचा मुद्दा कामाचा आहे. श्रीकांत, २३० हा आकडा नव्या रिफाइंड तेलाचा. तळताना पदार्थातलं पाणी गरम तेलाशी भिडतं आणि तेलाचे रेणू फोडतं. त्यातून मेदाम्लं सुटी होतात, थोडं ग्लिसरॉलही. सुटी मेदाम्लं अख्ख्या तेलापेक्षा लवकर उडतात, म्हणून धूर अलीकडेच सुरू होतो. ग्लिसरॉल फार तापलं की त्यातलं पाणी निघून जातं आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतं. डोळ्यांना आणि घशाला झोंबलं ते बहुतेक तेच.

श्रीकांत: मग दाट फडक्यातून गाळा, झालं!

वसंतकाका: गाळल्याने चुरा जातो. तो जळून धूर करतोच, त्यामुळे गाळणं वाया नाही. पण मेदाम्लं तेलात विरघळलेली असतात, ती फडक्यातून आरपार जातात.

खजिनदार: मी 'चालवा' म्हटलं नव्हतं, 'बघा' म्हटलं होतं. निम्मं नवं म्हणजे दोष निम्मा, आणि १८० व २३० च्या मध्ये २०५. साधा हिशोब आहे.

वसंतकाका: दोष निम्मा होतो, हे खरं. पण आकडा सरळ रेषेत चढत नाही. सुटी मेदाम्लं दहापट वाढली की धुराचा बिंदू ढोबळमानाने चाळीसेक अंश उतरतो. ती निम्मी केलीत तर दहा-बाराच अंश परत मिळतील, म्हणजे साधारण १९०. तळायला आपण १८० धरतो आणि बर्नर मोठा ठेवला की कढईचा तळ त्याच्या पुढे जातो. शिवाय नवं तेलही त्यात खराब होणार ते वेगळंच.

खजिनदार: मग १७० वर तळू.

नीलिमा: कढईजवळ उभं मला राहायचंय. १७० वर पदार्थ जास्त वेळ तेलात राहतो आणि तेल पितो.

वसंतकाका: १७० वर धूर कदाचित नसेलही, पण तेल चिकट झालं असेल किंवा फेस बसत नसेल तर मी वापरणार नाही. आधी वाटीभर तापवून बघा. धूर दिसला की गॅस बंद, झाकण ठेवा, आणि तेलात पाणी अजिबात नको.

सुजाता: ओलं पुसून टाकलं तर तेल जास्त टिकेल का?

खजिनदार: वाटीभर तापवताना मला बोलवा. मी बघितल्याशिवाय डबा फेकायचा नाही.