शब्दचर्चा: 'अपेक्षित भावी विनिमय दर' यातलं 'अपेक्षित' कुणाचं?

विदुला

अर्थशास्त्राच्या एका पुस्तकाचं भाषांतर तपासते आहे. त्यात एका उदाहरणाचं शीर्षक असं आहे: 'क्रयशक्ती समतेनुसार सापेक्ष चलनवाढीवरून अपेक्षित भावी विनिमय दर काढा.' एका परक्या चलनासाठी आज देशी ८० मोजावे लागतात, देशातली महागाई वर्षाला ६ टक्के, परदेशातली २ टक्के, तर वर्षभरानंतरचा दर किती? उत्तर ८३.१४ दिलं आहे.

मला 'अपेक्षित' खटकतंय. वाचताना वाटतं की बाजारातले लोक या दराची वाट बघत बसलेत. त्याऐवजी 'अंदाजित' लिहावं की 'संभाव्य'? आणि 'सापेक्ष' सामान्य वाचकाला कळेल का?

बोरूबहाद्दर

'संभाव्य' मुळीच नको. उद्या पाऊस पडणंही संभाव्य असतं आणि न पडणंही. 'अंदाजित' त्यातल्या त्यात बरा.

पण त्याआधी 'चलनवाढ' काढा. पाठ्यपुस्तकांनी तो शब्द रुजवला हे खरं, तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नोटांचे गठ्ठेच येतात. या हिशेबात नोटा किती छापल्या याचा संबंध नाही, भाव किती वाढले एवढंच हवं आहे. सरळ 'भाववाढ' लिहा.

आकडेमोड्या

सापेक्ष म्हणजे फरक हो, त्यात काय अवघड! ६ वजा २ म्हणजे ४ टक्के. ८० वर ४ टक्के म्हणजे ८३.२०. पुस्तकातलं ८३.१४ ही छपाईची चूक दिसते, तेवढं दुरुस्त करून टाका.

निवृत्त परीक्षक

विदुलाताई, कृपा करून ते दुरुस्त करू नका. पुस्तक बरोबर आहे.

मालाची एक पाटी घ्या. आज ती परदेशात तिकडच्या १०० ला मिळते. दर ८० असेल आणि दोन्हीकडे किंमत सारखीच पडत असेल, तर देशात तिला ८,००० पडतात. वर्षानंतर परदेशात तीच पाटी १०२ ला, देशात ८,४८०ला. आता विचारा की कोणत्या दराने या दोन किमती पुन्हा जुळतील? ८,४८० भागिले १०२, म्हणजे ८३.१४. इथे वजाबाकी कुठेच आली नाही. 'सापेक्ष' याचा अर्थ इथे एका भाववाढीला दुसरीने भागणं. सूत्र लिहायचं तर:

भावी दर = आजचा दर × (१ + देशी भाववाढ) ÷ (१ + परकी भाववाढ)

आकडेमोड्या यांची वजाबाकी चुकीची नाही, ढोबळ आहे. दोन्ही आकडे लहान असले की ती खपून जाते. इथे सहा पैशांचाच फरक पडला. पण देशी भाववाढ ६० टक्के धरून पाहा. भागाकाराने १२५.४९ येतात, वजाबाकीने १२६.४०. परकी भाववाढही मोठी असेल तर दरी आणखी वाढते.

आकडेमोड्या

बरं, मानलं. पण मग हे सांगा. आमच्याकडे दर उलटा लिहायची सवय आहे, एका देशी चलनाला परकं किती. ८० चा उलटा ०.०१२५. त्याला १.०६ ने गुणून १.०२ ने भागलं तर ०.०१२९९ आले, म्हणजे देशी चलन चक्क वधारलं! भाव इथे जास्त वाढले आणि चलनही इथलंच मजबूत?

निवृत्त परीक्षक

तपासलेल्या पेपरांत सर्वांत जास्त गुण याच जागी गेलेले पाहिले आहेत. दर ज्या चलनात मोजता, त्याची भाववाढ वर. उलटा दर परक्या चलनात मोजलेला आहे, म्हणून आता १.०२ वर आणि १.०६ खाली. उत्तर ०.०१२०३, आणि त्याचा उलटा पुन्हा ८३.१४ च्या जवळ. शंका आली की दोन्ही बाजूंनी करून पाहावं. उत्तरं एकमेकांची उलटी नसतील तर अपूर्णांक उभा करण्यात चूक आहे.

यातच एक भाषेचा प्रश्न दडला आहे, बोरूबहाद्दरांनी लक्ष घालावं. परकं चलन ३.९२ टक्क्यांनी महागलं, पण देशी चलन ३.७७ टक्क्यांनी घसरलं. दोन्ही विधानं एकाच हिशेबातली आणि दोन्ही खरी आहेत. भाषांतरात वाक्य फिरवताना कर्ता बदलला आणि आकडा तसाच राहिला, की विधान चुकलं.

बोरूबहाद्दर

आणि कृपया तिथे 'अवमूल्यन' लिहू नका. अवमूल्यन सरकार करतं, ठरवून. बाजारात आपोआप होते ती घसरण. एका भाषांतरात मी चलनाचा 'घसारा' वाचला आहे. यंत्रसामग्रीला लावतात तो!

शमिका

नमस्कार. मूळ प्रश्न थोडा वेगळा आहे याची कल्पना आहे, पण माझं नेमकं हेच अडलंय. मुलीची परदेशातली फी पुढच्या वर्षी भरायची आहे, तिकडचे १०,०००. मी जागतिक बँकेच्या तक्त्यात 'क्रयशक्ती समता' शोधलं, तर तिथला आकडा बाजारातल्या दराच्या निम्म्याहूनही कमी निघाला. म्हणजे दर इतका खाली येणार आहे का? मग थांबलेलं बरं.

निवृत्त परीक्षक

शमिकाताई, त्या आकड्यावर विसंबून थांबू नका. तो भविष्याबद्दल काहीच सांगत नाही. एकाच वेळी दोन देशांतल्या किमतींची पातळी शेजारी ठेवून तो काढतात, उत्पन्नांची तुलना करता यावी म्हणून. त्यात केस कापणं, घरभाडं असल्या सीमा न ओलांडणाऱ्या गोष्टीही असतात, आणि कमी उत्पन्नाच्या देशात त्या कायमच स्वस्त असतात. म्हणून तो आकडा बाजारदरापासून वर्षानुवर्षं लांब राहू शकतो. विदुलाताईंच्या उदाहरणात पातळीची तुलनाच नाही. आजचा दर जसा आहे तसा धरून पुढच्या बदलाचा हिशेब आहे. माझी पाटी दोन्हीकडे सारख्या किमतीची होती ती फक्त समजावण्याच्या सोयीसाठी. देशात ती ५,००० ला मिळत असती तरी भाववाढीचं गुणोत्तर तेच राहिलं असतं.

तुमच्या फीला हेच आकडे लावून बघा. आज १०,००० गुणिले ८०, म्हणजे ८ लाख. फी तिकडच्या सर्वसाधारण महागाईइतकीच वाढली तर १०,२००, दर ८३.१४ झाला तर देशी ८,४८,००० च्या आसपास. म्हणजे बरोबर ६ टक्के वाढ, देशी महागाईएवढीच. समता पाळली गेली तर तिकडची महागाई तुमच्या हिशेबातून गळूनच पडते. पण फी सर्वसाधारण महागाईपेक्षा जलद वाढली तर तो जादा भार तुमच्यावरच.

शमिका

म्हणजे ८ लाख ४८ हजार बाजूला ठेवले की झालं?

निवृत्त परीक्षक

नाही. इथेच विदुलाताईंच्या 'अपेक्षित'कडे यावं लागतं. एका वर्षात बाजारातला दर दोन्ही दिशांना १० टक्के हलणं ही काही नवलाची गोष्ट नाही, आणि आपल्या हिशेबातला बदल जेमतेम ४ टक्के. व्याजदर, भांडवलाची ये-जा, घबराट यांपुढे तो दिसतही नाही. समतेपासून दर ढळला तर ढळलेल्यापैकी निम्मं अंतर भरून यायलाच साधारण तीन ते पाच वर्षं लागतात, असं बऱ्याच अभ्यासांतून निघालेलं आहे. सूत्र लवकर लागू पडतं ते अतिमहागाईत. १९२२-२३ च्या जर्मनीत भाव इतक्या वेगाने चढत होते की त्यापुढे बाकीची कारणं नगण्य झाली.

आकडेमोड्या

एवढी भानगड कशाला? बँकेला वर्षानंतरचा वायदा दर विचारायचा. तोच अपेक्षित दर.

निवृत्त परीक्षक

वायदा दर दोन देशांच्या व्याजदरांवरून निघतो, भाववाढीवरून नव्हे. दोन्हीकडे महागाई वजा जाता उरणारं व्याज सारखं असेल तरच दोन्ही उत्तरं जुळतील. शमिकाताईंना मात्र त्याचा उपयोग आहे. तो दर आज पक्का करता येतो, ८३.१४ येत नाही.

विदुला

मला आता शंका वेगळीच आहे. भाववाढ कोणत्या निर्देशांकाची घ्यायची, घाऊक की ग्राहक? पुस्तक नुसतं 'महागाई' म्हणून मोकळं होतं.

निवृत्त परीक्षक

लाख मोलाचा प्रश्न. 'क्रयशक्ती समता' ही संज्ञा स्वीडनच्या गुस्ताव कासेल यांनी १९१८ मध्ये रूढ केली. पहिल्या महायुद्धात सुवर्णचलनाची घडी मोडली होती आणि नवे दर कुठे ठरवायचे हा प्रश्न होता. १९२५ मध्ये ब्रिटनने पौंड पुन्हा सोन्याला बांधला, तोही युद्धापूर्वीच्या ४.८६ डॉलरलाच. घाऊक निर्देशांक पाहिले तर ब्रिटन आणि अमेरिका यांच्या भावांतला फरक थोडाच उरला होता, त्यामुळे हा दर परवडेल असं वाटलं. केन्स यांचा आक्षेप नेमका यावर होता. घाऊक निर्देशांकात कापूस, गहू, धातू असा जगभर विकला जाणारा कच्चा माल भरलेला असतो. पौंड वधारला की त्या मालाचा पौंडातला भाव लगेच उतरतो. म्हणजे दराने भाव हलवले, आणि त्या भावांवरून आपण दर बरोबर असल्याचं म्हणतो. मजुरी आणि राहणीमानाचा खर्च धरला तर पौंड सुमारे १० टक्के महाग ठरत होता. दर टिकवायचा तर मजुरी उतरवावी लागणार होती. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सोनं सोडलं.

ग्राहक निर्देशांकात ही अडचण कमी, पण त्यात घरभाड्यासारख्या गोष्टी येतात ज्यांचा परकीय व्यापाराशी संबंध नाही. माझं स्वतःचं मत उत्पादकांच्या किमतींकडे झुकतं. मात्र सगळे सहमत होतील असं नाही. दोन्ही देशांसाठी एकाच जातीचा निर्देशांक हवा, एवढं तरी पाळावं.

'अपेक्षित'बद्दल: ही 'अपेक्षा' सूत्राची आहे, माणसांची नाही. भाववाढ इतकी झाली आणि बाकी काही हललं नाही, तर दर इथे असायला हवा, एवढाच त्याचा आवाका.

बोरूबहाद्दर

मग 'अंदाजित' हा माझाच शब्द मागे घेतो. अंदाज चुकला की बांधणाऱ्याला जाब विचारता येतो. इथे तसा कोणी नाही. 'समतेने सूचित होणारा दर' कसं वाटतं?

विदुला

'सूचित' आवडला. उदाहरणाच्या मजकुरात तो घेते: 'दोन देशांतील भाववाढीच्या गुणोत्तरावरून सूचित होणारा वर्षानंतरचा दर.' शीर्षकात मात्र 'अपेक्षित' ठेवावा लागेल, कारण विद्यार्थ्यांना प्रश्नपत्रिकेत तोच शब्द भेटणार.

आकडेमोड्या

शीर्षकात एक आणि मजकुरात दुसरा? विद्यार्थ्यांना वाटेल दोन वेगळे दर काढायचेत.

निवृत्त परीक्षक

ही हरकत रास्त आहे. शिवाय उदाहरणात दिलेले ६ आणि २ टक्के हे पुढच्या वर्षाचे असतील, तर तेही स्वतः अंदाजच ठरतात. त्या अर्थाने 'अपेक्षित' अगदीच टाकाऊ नाही. मूळ पुस्तकात ही टक्केवारी झालेल्या वर्षाची आहे की येणाऱ्या, ते एकदा पाहून सांगाल का?