'धारणकाळ' म्हणजे कोणी, काय धरून ठेवायचे?

वैशाली, सोलापूर : पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी डी फ्लिप-फ्लॉपवर मराठी टिपणे लिहिताना मी 'सेटअप टाइम'ला पूर्वतयारीकाळ आणि 'होल्ड टाइम'ला धारणकाळ म्हटले, परंतु फ्लिप-फ्लॉप बिट साठवून ठेवतो तोच धारणकाळ, असा मुलांचा समज होतो. दुसरा शब्द सुचवावा.

बसवराज : क्लॉकच्या चढत्या कडेच्या आधी आणि नंतर डी स्थिर हवा, एवढाच दोन्हींचा अर्थ. 74एलएस74 ला आधी 20 आणि नंतर 5 नॅनोसेकंद लागतात. ते पाळले जात नसतील तर क्लॉक मंद करावा, दोन्ही अडचणी मिटतात.

अण्णा : बसवराज, पहिली मिटते, दुसरी मिटत नाही. सिंक्रोनस काउंटरमध्ये क्यू बदलायला जास्तीत जास्त 40, मधल्या अँड गेटला 20 आणि सेटअपला 20 धरले, तर 80 नॅनोसेकंद होतात; म्हणजे 12.5 मेगाहर्ट्झच्या पुढे जाऊ नये. होल्डच्या हिशेबात मात्र दोन कडांमधले अंतर येतच नाही.

दोन आयसींचे चार टप्प्यांचे शिफ्ट रजिस्टर घ्या आणि दुसऱ्या आयसीचा क्लॉक 74एलएस04 च्या दोन इन्व्हर्टरमधून न्या. तो तिथे सुमारे 20 नॅनोसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणून तिसऱ्या टप्प्याला जुना बिट पहिल्या आयसीच्या कडेपासून 25 नॅनोसेकंद तसाच मिळायला हवा. पण दुसऱ्या टप्प्याचा क्यू 0 वरून 1 वर साधारण 13 नॅनोसेकंदांतच जातो, 1 वरून 0 वर यायला मात्र साधारण 25 घेतो. त्यामुळे एकच 1 आत सोडला की बहुधा दुसरा आणि तिसरा एलईडी एकाच स्पंदाला लागतात, आणि तिसरा पुढच्या स्पंदालाही लागलेला राहतो. सेकंदाला एक स्पंद दिला तरी हेच दिसेल. उपाय एकच : दोन्ही आयसींना क्लॉक एकाच तारेने द्यावा.

इरफान, अक्कलकोट रस्ता एमआयडीसी : आमच्या टॉवेलच्या मागावरचा काउंटर एका फेरीला तीन-चार आकडे पुढे सरकतो. त्याचा होल्ड टाइम वाढवावा काय?

अण्णा : इरफानभाई, तुमचे दुखणे वेगळे आहे. स्विचचा संपर्क मिटताना काही मिलिसेकंद थरथरतो आणि काउंटर प्रत्येक थरथर मोजतो. तीन तारांचा, दोन्हीकडे टेकणारा स्विच असेल, तर मध्ये एसआर लॅच घाला.

इरफान : माझ्याकडचा दोन तारांचा आहे.

अण्णा : मग रोधक, कपॅसिटर आणि पुढे श्मिट ट्रिगर. माग किती वेगाने चालतो ते कळवा, त्यावरून किमती ठरवू.

वैशाली : अण्णांच्या उदाहरणावरून जुना बिट आधीच्या टप्प्याने टिकवायचा असतो हे स्पष्ट झाले. मग 'उत्तरस्थैर्यकाळ' कसा वाटतो?

बसवराज : अर्थ नेमका आहे, पण फळ्यावर लिहायला लांब पडतो, तोंडी तर सगळे 'होल्ड'च म्हणतील. माझी शंका वेगळीच आहे : क्लॉक तसाच ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांमधल्या डेटाच्या तारेत दोन इन्व्हर्टर घातले तर?

अण्णा : चालेल, पण काठावर. 13 चे 33 होतात आणि लागतात 25. ही नेहमीची मूल्ये झाली. गेटचा किमान विलंब निर्माता लिहून देत नाही, म्हणून मी त्यावर विसंबणार नाही.