लहान मुलांना रात्री शीच्या जागी खाज: तुमच्याकडे कसं कळलं, काय केलं?

चिऊची_आई
गेल्या श्रावणात आमची पावणेपाच वर्षांची लेक रात्री अकराच्या सुमाराला झोपेतच तळमळायला लागली. हात सारखा चड्डीत. दिवसा विचारावं तर काही नाही, खेळतेय, जेवतेय. मी आधी घामोळं समजून पावडर लावली, मग साबण बदलला. आठवड्याने सासूबाई म्हणाल्या, "अगं, झोपल्यावर बॅटरी घेऊन बघ एकदा."

ती झोपून दोन तास झाल्यावर मोबाईलच्या उजेडात पाहिलं. शीच्या जागेच्या कडेला शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा चिकटावा तसं काहीतरी होतं, जेमतेम एक सेंटिमीटर. नवऱ्याला उठवलं तर तो डोळे चोळत म्हणाला, "चड्डीचा धागा असेल." तेवढ्यात धाग्याने वळण घेतलं.

डॉक्टरांनी अल्बेंडाझोलचं पातळ औषध दिलं, 10 मिलीची छोटी बाटली, सगळी एकदाच पाजायची. दोन आठवड्यांनी परत एक, आणि घरातल्या सगळ्यांनी गोळी घ्यायची, असंही सांगितलं होतं. पण तीन-चार दिवसांत खाज थांबली आणि आम्ही निवांत झालो. दुसरी बाटली फ्रिजवर तशीच राहिली. आम्ही मोठ्यांनी गोळी घेतलीच नाही, आपल्याला कुठे खाजतंय म्हणून. दीड महिन्याने रात्री अकरा वाजता परत तेच.

दुसऱ्या वेळी काय केलं ते खाली लिहीनच. आधी तुमचं सांगा.

रसायनी
आमच्याकडे मुलाच्या शीतच दिसले. दोन-तीन पांढरे, वळवळणारे. मी घाबरून शी डबीत घेऊन तपासायला दिली आणि रिपोर्ट आला, जंत नाहीत! डोळ्यांनी बघितलेलं खोटं कसं?

काचपट्टी
रसायनी, रिपोर्ट खोटा नाही, नमुना चुकीच्या जागेचा आहे. मी वीस वर्षं लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकावर बसतोय. या जंताची मादी आतड्यात अंडी घालत नाही. रात्री मूल गाढ झोपलं की खाली उतरते, बाहेर येते आणि शीच्या जागेच्या कातडीवर अंडी चिकटवून मरते. खाज त्यानेच सुटते, आणि म्हणून रात्रीच सुटते. शीत अंडी नसतातच, किंवा चुकून एखादं सापडतं.

आम्ही चिकटपट्टी मागतो. साधी पारदर्शक, दुधी रंगाची नको, तिच्यातून काही दिसत नाही. सकाळी मूल उठल्या उठल्या, शीला जायच्या आणि धुवायच्या आधी, चिकट बाजू दोन्हीकडच्या कातडीवर हलकेच दाबायची, काढून काचेवर सपाट चिकटवायची. काच आमच्याकडून आधी घेऊन जा. एका सकाळी काही मिळालं नाही म्हणून नाही असं म्हणू नका, ओळीने तीन सकाळी करा. पालक बहुतेक वेळा मुलाला छान आंघोळ घालून, पावडर लावून आणतात. मग मी काचेवर काय शोधू?

पण चिऊच्या आईसारखा जंत डोळ्यांनी दिसला असेल तर पट्टीचीही गरज नाही.

गावची_काकू
हे सगळं गोड खाण्याने होतं. आमच्या वेळी पोराने गूळ-साखर जास्त खाल्ली की जंत व्हायचेच. वावडिंगाचं पाणी, कारल्याचा रस, शनिवारी एरंडेल. आणि नखं! माझी सासू दर शनिवारी सगळ्या पोरांना ओट्यावर बसवून नखं काढायची. आता आया मुलींच्या नखांना रंग लावतात.

काचपट्टी
काकू, नखांसाठी तुमच्या सासूबाईंना नमस्कार. साखरेने मात्र जंत होत नाहीत, अंडं तोंडात गेलं तरच होतात. मूल खाजवतं, अंडी नखाखाली जातात, तोच हात तोंडात. घातल्यापासून पाच-सहा तासांत अंडं तयार होतं, म्हणजे रात्रीचं खाजवलेलं सकाळी अंगठा चोखताना पोटात. कारल्याने जंत मरतात याचा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. एरंडेल मात्र लहान मुलांना देऊ नका, जुलाब होऊन पोर गळून जातं.

गावची_काकू
आम्हाला दिलंय, आम्ही जगलो.

घाटावरचा
छान धागा. मला स्वतःला दोन वर्षं बसून बसून खाज येते, विशेषतः ऑफिसात दुपारी. तिखट खाल्लं की जास्त, कधी थोडं रक्तही. मीही गोळी घेऊ का?

चिऊची_आई
दादा, धागा लहान मुलांचा आहे. दुपारची खाज आणि रक्त म्हणजे वेगळं काहीतरी. एकदा दाखवून या, लाजू नका.

अंगणवाडी_ताई
माझ्याकडे आया नेहमी म्हणतात, "ताई, फेब्रुवारीत शाळेत जंताची गोळी दिली होती, मग परत कसे झाले?" 10 फेब्रुवारीला आणि ऑगस्टमध्ये आम्ही देतो ती गोळी तीच, अल्बेंडाझोल. पण ती मोहीम मातीतून येणाऱ्या जंतांसाठी आहे, जे रक्त पितात, वाढ खुंटवतात. त्यांना सहा महिन्यांतून एक गोळी हा हिशोब ठीक. हे दोऱ्यासारखे जंत मातीतून येत नाहीत, एका माणसाच्या अंगावरून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे गोळी खाल्ली तरी शेजारच्या चटईवरच्या मुलाकडून पुढच्या आठवड्यात परत. यात घाणेरडेपणाचा प्रश्न नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला दोनदा झालेत, आणि मी दिवसातून दहा वेळा हात धुते.

लेस्टरचा_बंड्या
इथे इंग्लंडात तर याची कुणाला लाजही नाही. औषधाच्या दुकानात जाऊन सांगितलं की दोन वर्षांवरच्या मुलांना मेबेंडाझोलची चघळायची गोळी मिळते, डॉक्टर लागत नाही. शाळेतून घरी पाठवत नाहीत. बायकोला मात्र तेव्हा दिवस गेले होते, तिसरा महिना. फार्मसिस्टने तिला गोळी दिलीच नाही. म्हणाली, तिने सहा आठवडे फक्त स्वच्छता कसोशीने पाळायची आणि डॉक्टरांशी बोलायचं. मी आणि दोन्ही पोरांनी गोळी घेतली. सहा आठवडे आमच्या घरात रोज सकाळी लष्करी शिस्त होती.

आईने भारतातून फोनवर सांगितलं, कुत्रा घरात आहे ना, त्याच्यापासून झालं असणार. बिचाऱ्या कुत्र्याला उगाच बाहेर बांधला. हा जंत माणसातच राहतो, कुत्र्या-मांजरात नाही, हे पुढे कळलं.

सावलीतली
आमचा अनुभव उलटा आहे, म्हणून लिहिते. मुलगा चार वर्षांचा. खाज, म्हणून जंत असं मीच ठरवलं आणि चार महिन्यांत तीनदा औषध पाजलं. बॅटरीने कधीच काही दिसलं नाही. खाज दिवसाही होती आणि शी करताना रडायचा, तिकडे मी लक्षच दिलं नाही. शेवटी डॉक्टरांनी बघितलं तर शीच्या जागेभोवती लालभडक, कडा स्पष्ट दिसेल असं गोल. घशात ज्या जंतूने दुखतं त्याच जंतूचा संसर्ग होता. अँटिबायोटिकने आठवड्यात बरा झाला. तीन डोस फुकट, आणि लेकराला चार महिने त्रास.

रसायनी
मुलींच्या बाबतीत अजून एक. माझ्या भाचीला शूच्या जागी खाज आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं. आधी लघवी तपासली, ती स्वच्छ. जंत पुढे सरकतात म्हणे. औषध दिल्यावर दोन्ही थांबलं.

आणि रात्री दात खाणं? सगळे म्हणतात जंत म्हणूनच.

काचपट्टी
म्हणतात खरं. माझ्याकडे दात खाणाऱ्या मुलांच्या कितीतरी पट्ट्या कोऱ्या येतात. पण लॅबवाल्याने यावर छातीठोक बोलू नये.

गावची_काकू
जंतच असतात.

चिऊची_आई
आता आमची दुसरी फेरी. डॉक्टरांनी समजावलं ते मला पहिल्यांदा नीट कळलं: औषध जंताला मारतं, अंड्याला नाही. चादरीवर, खेळण्यांवर पडलेलं अंडं दोन-तीन आठवडे तग धरतं. डोस घेतल्यानंतर असं एखादं पोटात गेलं तर त्याची अंडी घालणारी मादी व्हायला महिना-दीड महिना लागतो. दोन आठवड्यांनी दुसरा डोस दिला की ती वाढण्याआधीच मरते. आमच्या दीड महिन्याचा हिशोब तिथेच जुळला.

मग एका शनिवारी रात्री चौघांनी एकदम औषध घेतलं. सासूबाईंनी कुरकुर केली, पण घेतलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चौदाव्या दिवशीच्या शनिवारी लाल गोल केला. लेकीच्या गादीवरची चादर मी नेहमी गॅलरीत जाऊन फटकारायची. ते बंद केलं, कारण अंडी हवेत उडून सगळीकडे पडतात. चादर तशीच गुंडाळून बादलीत, वर गरम पाणी. रात्री घट्ट चड्डी, सकाळी उठल्या उठल्या ती काढून आधी खालचं अंग धुवायचं, मग ब्रश आणि दूध. आधी आंघोळ शाळेतून आल्यावर संध्याकाळी असायची, म्हणजे रात्रीची सगळी अंडी ती शाळेत घेऊन जायची! नखं दर तीन दिवसांनी. खाज फार असेल तर झोपताना कडेला थोडं व्हॅसलीन लावायचे.

खेळणी उकळणं, पडदे धुणं वगैरे मी एकदाच केलं आणि सोडून दिलं, नाहीतर वेड लागेल. सात महिने झाले, परत नाही.

एक राहिलं. शाळेत सांगायचं का? मी सांगितलं नाही. बाईंनी वर्गात नाव घेतलं तर, या भीतीने. ते बरोबर केलं असं वाटत नाही.

अंगणवाडी_ताई
नाव न घेता सांगता येतं. "वर्गात कुणाला तरी आहे, नखं बघा," एवढी चिठ्ठी मी सगळ्यांना देते. दरवेळी दोन-तीन आया मग हळूच येतात.

घाटावरचा
दाखवून आलो. फिशर निघालं. पण डॉक्टरांनी विचारलं, घरात लहान मूल आहे का? आहे, साडेतीन वर्षांचं, आणि बायको म्हणते तोही रात्री लोळतो. आज बॅटरी चार्ज करून ठेवली आहे. झोपून किती वेळाने बघायचं म्हणालात?

चिऊची_आई
दोन-तीन तासांनी. हळूच चड्डी सरकवा, आणि धागा वाटला तर थोडं थांबून बघा.