रात्री एसी लावून झोपणाऱ्यांनो, तापमान आणि टायमर किती ठेवता? अनुभव सांगा

मानदुखी: गेले तीन आठवडे सकाळी उठले की मान उजवीकडे वळत नाही आणि घशाला नुसती कोरड पडलेली असते. एसी २४ वर, टायमर चार तासांचा. तीनच्या सुमारास उकडून जाग येते, मग वैतागून २२ वर लावते आणि झोपते. तुमचं काय?

चांदणी: खोलीत पाण्याचं भांडं ठेवा. मी कायम ठेवते, घसा छान राहतो.

जुना मेकॅनिक: भांड्यातलं पाणी रात्रभरात अगदी थोडंसंच उतरतं, आणि ती वाफही एसी खेचून बाहेरच्या नळीतून टाकतो. त्यावर फार भिस्त नको.

मानदुखीताई, तुमचा घोटाळा त्या २२ मध्ये आहे. पहाटे शरीराचं तापमान सगळ्यात खाली आलेलं असतं, नेमकं तेव्हाच तुम्ही गार वारा अंगावर घेता. शिवाय एसी तापमान मोजतो ते स्वतःजवळचं, तुमच्या उशीपाशी काय चाललंय हे त्याला कळत नाही. आज टिश्यू पेपरची एक पट्टी उशीच्या वर दोऱ्याने टांगा. एसी चालू असताना ती फडफडली, तर झोत मानेवर येतोय. पात्या वर करून वारा छताच्या कडेने सोडा. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते. तापमान २६, पंखा एकवर. टायमरऐवजी स्लीप मोड लावा, तो दर तासाला थोडं थोडं तापमान वाढवत नेतो. साधारण दोन अंशांवर थांबतो, पण प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं असतं.

नवा भाडेकरू: आमच्या एसीतून पाणी गळतंय, त्यावर काही उपाय?

जुना मेकॅनिक: पाण्याची नळी तुंबली असेल, साफ करून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर सांगतो.

पहाटवारा: मला मात्र टायमरच मानवतो. पण दोनला बंद केला तर चारला घामाने जाग येते, म्हणून पाचला बंद होईल असा लावतो.

मानदुखी: पट्टी लावली. अहो, नुसती फडफडत होती, आणि तीही उजव्या बाजूलाच! पात्या वर केल्या, २६ आणि पंखा. चौथ्या दिवशी मान मोकळी झाली. तीनला जागही येत नाही. घसा मात्र अजून कोरडाच.

रात्रपाळीची नर्स: नाक चोंदतं का? चोंदलं की तोंड उघडं राहतं, मग खोलीत कितीही ओलावा असो, घसा कोरडा पडणारच. घरच्यांना विचारा, रात्री घोरता का. आणि जाळी कधी धुतली होती?

मानदुखी: जाळी धुतली नाहीये, गेल्या उन्हाळ्यापासून. आज काढली तर त्यावर राखाडी लोकरीसारखा थर! धुऊन सावलीत वाळत घातलीय. घोरण्याचं नवऱ्याला विचारलं, तो म्हणतो हो. आठवडाभराने लिहिते.