गच्चीवरची सावली: नेट, पर्गोला की दुसरं छप्पर? आपापले अनुभव लिहा

सहकारनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावला तर कोमट लागायचं. आधी हिरवी नेट स्लॅबवरच अंथरली, पण काहीच फरक पडला नाही. यंदा तीच नेट पाइपांवर सात फूट उंच बांधली, पण अर्ध्याच गच्चीवर. संध्याकाळी अनवाणी चालून पाहिलं: नेटखाली सुखाने उभं राहता येतं, पुढची अर्धी चटका देते. खालची बेडरूमही आता लवकर निवते. तुम्ही काय केलंत?

धायरीकर: आम्ही स्लॅबवर दीड फूट उंचीवर पत्रे टाकले. कबुतरं शिरू लागली म्हणून चारही बाजू विटांनी बंद केल्या आणि घर पुन्हा तापलं. तापलेला पत्रा खालीही उष्णता फेकतो, आणि आत कोंडलेली गरम हवा जाणार कुठे? पूर्व-पश्चिम विटा काढून तिथे कबुतरजाळी लावली. आता पश्चिमेचा वारा आरपार जातो. हात घालून बघा, पलीकडून बाहेर पडणारी हवा चक्क गरम लागते.

कुंड्यावाली: माझे टोमॅटो नव्वद टक्क्यांच्या नेटखाली नुसते उंच वाढले, फळ धरलं नाही. पन्नास टक्के घ्या.

सहकारनगर: ताई, मला झाडांसाठी नको, खालच्या खोल्यांसाठी हवी आहे.

कोथरूडची मी: लाकडी पर्गोला केला. दिसतो सुरेख, पण मेमध्ये भर दुपारी सावली नावालाच. पट्ट्या कमी पडल्या असणार, अजून टाकून घेते.

फॅब्रिकेशनवाला: पट्ट्या उभ्या बसवल्यात का? पुण्यात साधारण १३ मेच्या सुमारास दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस तोच. उभ्या पट्टीची सावली तेव्हा तिच्या जाडीएवढीच पडते. त्याच पट्ट्या तिरक्या करून घ्या, नाहीतर वर नेट ताणा. आणि नेटवाल्यांनो, वळवाच्या वाऱ्यात नेट शिडासारखी फुगते. पाइप नुसते वाळूच्या डब्यात उभे करू नका. नेट कडेला दुमडून दोरी ओवा, आयलेटवर भरवसा नको, तिथूनच फाटते. मात्र वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिल मारलंत तर जुलैत गळती बघाल. पाइप कठड्याला आतून क्लॅम्प करा.

धायरीकर: पत्र्यांसाठी सोसायटीची आणि महापालिकेची परवानगी आधी बघा. आम्हाला नंतर धावपळ झाली.

सहकारनगर: एक शंका उरतेच. रात्री स्लॅब उघड्या आकाशाखाली निवतो म्हणतात, मग नेट तेव्हा आड येते का? मी आठवडाभर संध्याकाळी सातला ती गुंडाळून पाहिली. मला फरक कळला नाही, शेजारचे काका म्हणतात पहाटे जाणवतो. कुणी थर्मामीटर लावून पाहिलंय?