मदत हवी आहे: टेपने १०० किलो, व्यापारी म्हणतो ७०. डुकराचं वजन नेमकं कसं काढायचं?

लातूरकर_वराह: नमस्कार मंडळी. माझ्याकडे विक्रीला आलेली ११ यॉर्कशायर डुकरं आहेत. व्यापारी उक्त्यात मागतोय आणि नगामागे ७० किलो धरतोय. मी शिंप्याच्या टेपने एक मोजलं. छातीचा घेर ९८ सेंमी आणि लांबी ११२ सेंमी भरली. इंचात करून घेर गुणिले घेर गुणिले लांबी भागिले ६६० असं मांडलं तर ९९ किलोच्या वर येतंय. खाद्यही मी १०० किलो धरूनच घालतोय, वजनाच्या साडेतीन टक्के. चूक कुणाची?

गोठा_परभणी: सूत्र बरोबर आहे दादा. आम्ही म्हशी-गाई यावरच मोजतो. व्यापारी फसवतोय.

मोजपट्टी: ६६० चा भाजक गाई-बैलांचा आहे. त्यात लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत घेतात. डुकरात लांबी दोन कानांच्या मधून, पाठीवरून, शेपटीच्या बुडापर्यंत घ्यायची. मानही धरली जात असल्याने लांबी जास्त भरते, म्हणून भाजकही मोठा लागतो. सेंमीत मोजा आणि १४४०० ने भागा, उत्तर थेट किलोत येतं. तुमचं गणित असं: ९८ × ९८ = ९६०४, गुणिले ११२, भागिले १४४००, म्हणजे ७४.७ किलो. गाईच्या सूत्राने २५ किलो फुगले होते.

खाद्याचंही तेच. १०० किलोवर साडेतीन किलो होतं, ७५ वर सव्वादोन ते पावणेतीन पुरे. नगामागे पाऊण-एक किलो जास्त जातंय. ११ नगांचं रोजचं आठ-दहा किलो खाद्य उष्टं पडत असेल किंवा चरबीत जात असेल.

लातूरकर_वराह: अरे बापरे. म्हणजे व्यापारी खरा?

मोजपट्टी: ७० आणि ७४.७ यांत अजून फरक आहे, आणि तुमचं माप कसं घेतलं त्यावर सगळं आहे. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे घ्या. टेप पोटाकडे सरकली की घेर वाढतो. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे ९८ च्या जागी १०१ वाचलं तर साडेचार किलोच्या वर चढतात. लांबीत तीच ३ सेंमीची चूक झाली तर दोनच किलो. टेप अंगाला टेकलेली हवी, चामडी दबेल इतकी आवळायची नाही. डोकं पाठीच्या रेषेत पाहिजे. गव्हाणीत तोंड खाली घातलेलं असताना मोजलं तर मान ताणून लांबी वाढते, तोंड वर केलं तर कमी होते. पसरट भांड्यात थोडं खाद्य उंचावर ठेवा म्हणजे ते उभं राहतं. तीनदा मोजून सरासरी घ्या, सकाळी खाद्याआधी.

बीड_सुमन: माझी मादी दोन महिन्यांची गाभण आहे, तिलाही हेच चालेल का?

मोजपट्टी: ताई, गाभण मादीत पोटातल्या पिलांचं आणि पाण्याचं वजन छातीच्या घेरात दिसत नाही. तिचं खाद्य या आकड्यावर ठरवू नका, अंगाची मांसल ठेवण बघून ठरवा.

हिंगोली_फार्म: ६८ किलोच्या आतल्या डुकरात उत्तरात ३ किलो मिळवायचे असतात, ते सांगायचं राहिलं.

मोजपट्टी: तसा नियम आहे खरा. पण आपल्याकडच्या लांब तोंडाच्या, बारीक अंगाच्या गावठी संकरात तो मिळवला की माझ्या हिशोबाने वजन जास्त येतं. गावठीला मी हा नियम लावत नाही.

हिंगोली_फार्म: आमच्याकडे तर तो लागतोच.

लातूरकर_वराह: आज सकाळी उपाशीपोटी तीनदा मोजलं. घेर ९७, लांबी १११. हिशोबाने ७२.५. मग लाकडी पिंजऱ्यात घालून भुईकाट्यावर नेलं, पिंजरा वजा जाता ६९ भरलं.

मोजपट्टी: उत्तम, आता तुमच्या कळपाचा स्वतःचा भाजक काढता येतो. ९७ × ९७ × १११ ला ६९ ने भागा, १५१०० च्या आसपास येतो. पण एकावर ठरवू नका. लहान, मधलं, मोठं अशी तीन-चार काट्यावर न्या आणि सरासरीचा भाजक उरलेल्यांना लावा. जात किंवा खाद्य बदललं तर पुन्हा काढा.

लातूरकर_वराह: व्यापाऱ्याला काट्याची चिठ्ठी दाखवली. तो म्हणतो, पोटातला माल म्हणून आणखी ५ किलो कापणार.

हिंगोली_फार्म: उपाशी जनावराचं वजन घेऊन वर पुन्हा कपात? एकदा उपास, एकदा कपात, दोन्ही नको. भाव ठरवतानाच बोलून घ्यायला हवं होतं.

गोठा_परभणी: आमच्याकडे कपात सगळेच करतात, उपाशी असो वा पोट भरलेलं.