मदत हवी आहे: मुलाच्या नाकातल्या स्प्रेचा गुण नाही, उलट घोळणा फुटतोय

रानजाई: लेकाला ॲलर्जीची सर्दी आहे. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे दिलाय. आठ दिवस झाले, नाक चोंदलेलंच आहे, सकाळी उठल्या उठल्या शिंकांची रांग आहेच. आणि परवापासून रक्त येतंय, काल उशीवर डाग होते. बंद करू का? लवकर सांगा, रात्रीचा डोस द्यायचाय.

माधव_काका: वय काय? औषध कुठलं? किती वेळा मारता? काहीच लिहिलं नाहीत.

रानजाई: सात वर्षं. मोमेटासोन. आधी एकेक पफ देत होते, फरक पडेना म्हणून चार दिवसांपासून दोन्हीकडे दोन-दोन.

शेखर७१: दोनच देतात. माझ्या मुलाला दोन-दोन सांगितलेत, काही होत नाही. मान मागे टाकायची, फवारा मारला की जोरात ओढून घ्यायचा. त्याशिवाय वरपर्यंत जात नाही.

माधव_काका: शेखर, तुमचा मुलगा किती वर्षांचा?

शेखर७१: तेरा.

सिस्टर_वि: मग तिथेच फरक आहे. मी कान-नाक-घसा विभागात काम करते. मोमेटासोनचा नेहमीचा डोस २ ते ११ वर्षांसाठी प्रत्येक नाकपुडीत एक फवारा, दिवसातून एकदाच. बाराव्या वर्षापासून दोन-दोन. ताई, आज एकेकावर परत या आणि रक्त येतंय हे उद्या डॉक्टरांना कळवा. मधले काही दिवस थांबायला सांगतील कदाचित, ते त्यांनी बघून ठरवू दे.

मान मागे नको. मागे टाकली की औषध घशात उतरतं. मूल "कडू लागलं" म्हणालं की समजा, नाकात थांबलंच नाही. जोरात ओढल्यानेही तेच होतं.

आता एक सांगा, रक्त एकाच बाजूने येतं का? आणि स्प्रे कुठे उभं राहून मारता?

रानजाई: हो, फक्त डावीकडून! तुम्हाला कसं कळलं? मी समोर उभी राहते, उजव्या हाताने दोन्हीकडे मारते.

सिस्टर_वि: तेच कारण असावं. समोरून उजव्या हाताने त्याच्या उजव्या नाकपुडीत मारता तेव्हा नळीचं टोक आपोआप बाहेर, त्याच्या कानाकडे वळतं. ते बरोबर आहे. तोच हात डाव्या नाकपुडीकडे नेला की टोक मधल्या पडद्यावर येतं. तिथली कातडी पातळ, रक्तवाहिन्या वरवरच्या. रोज एकाच जागी फवारा बसला की ती सुकते, खपली धरते, मग रक्त.

म्हणून डाव्या नाकपुडीला डावा हात. आधी नाक शिंकरून घ्या. मान किंचित पुढे झुकलेली, नळी जेमतेम आत, टोक पडद्यापासून दूर, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. फवारा मारताना हळूच श्वास, फुलाचा वास घेतो तसा. मग तोंडाने सोडायचा.

ओलेती: इतकं कशाला? नाक मोकळं करायचे थेंब मिळतात, पाच मिनिटांत काम. आम्ही महिनाभर वापरतोय.

सिस्टर_वि: ओलेती, ते वेगळं औषध आहे. फार दिवस वापरलं तर थेंब उतरताच नाक आणखी घट्ट होतं. महिना झाला असेल तर तुम्हीच डॉक्टरांना दाखवा.

नाना_पाटील: पफ मारताना मधे प्लास्टिकचा डबा लावतात ना? आमच्या नातीला त्याने खूप फरक पडला.

माधव_काका: नाना, तो दम्याच्या पंपाला. हा नाकाचा आहे. रानजाईताई, नवी बाटली सुरू करताना हवेत पफ मारून घेतलेत का?

रानजाई: नाही. असं करायचं असतं?

माधव_काका: आमच्या बाटलीच्या चिठ्ठीत पहिल्यांदा दहा वेळा दाबायला सांगितलं होतं. पहिले काही डोस तुमचे अर्धवटच गेले असणार. आणि आठवड्याच्या वर पडून राहिली तर पुन्हा हवेत मारून घ्यायचं.

शेखर७१: पण स्टेरॉइडने उंची खुंटते म्हणतात, त्याचं काय? आम्हाला कुणी काही बोललं नाही.

सिस्टर_वि: मोमेटासोन अंगात फार कमी शोषलं जातं. तरी महिनोन्महिने चालू असेल तर उंची अधूनमधून मोजून लिहून ठेवा. याच कारणासाठी मनाने डोस वाढवायचा नाही.

माधव_काका: आमच्याकडे तीन वर्षं झाली. मुलगी वर्गात बुटकी आहे, पण हिची आईही बुटकीच. स्प्रेमुळे की रक्तातून, कोण सांगणार.

रानजाई: (सोळा दिवसांनी) डॉक्टरांनी चार दिवस बंद ठेवून एकेकावर आणलं. आता डाव्या बाजूला डावा हात. पहिले दोन दिवस हात थरथरायचा, लेक हसायचा. रक्त पुन्हा आलं नाही, शिंका दोन-तीनवर आल्यात. पण रात्री अजून तोंड उघडं टाकूनच झोपतो, घोरतो. नाकामागची गाठ वाढली आहे का ते बघायला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. कुणाच्या मुलाचं असं होतं का?

ओलेती: थेंब बंद केलेत. सहावा दिवस, नाक अजून गच्च.